दहा वर्षं उशीर केला तर महिन्याचा हप्ता किती वाढतो? निवृत्तीच्या बचतीचा हिशोब घरच्या घरी मांडा

वय २५ असेल तर महिन्याला २,६३४ रुपये भरून साठाव्या वर्षी १ कोटी जमतात, आणि तेच ३५व्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ७,५३७ रुपये लागतात. बचतीबद्दल चौकशी करायला लागलात की अशा धर्तीचं वाक्य कुठे ना कुठे समोर येतंच. आकडेमोड बरोबर आहे. दोन्हीकडे वर्षाला १० टक्के परतावा धरलाय, हप्ता शेवटपर्यंत तेवढाच ठेवलाय, आणि उशिराचा हप्ता लवकरच्या हप्त्याच्या २.८६ पट निघतो.

पण एवढ्यावर कुणी निर्णय घेऊ नये. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली तर ३५ वर्षांनी मिळणाऱ्या १ कोटीची किंमत आजच्या हिशोबाने १३ लाख रुपये होते, आणि १३ लाखांवर कुणाचं म्हातारपण निघत नाही. शिवाय ३५व्या वर्षी आपला पगारही २५व्या वर्षीचा राहिलेला नसतो, त्यामुळे ७,५३७ रुपये तेव्हा किती जड जातील हे त्या वाक्यातून कळत नाही. उशिराची किंमत मोठी आहे, पण ती नेमकी किती हे पाहायचं तर हिशोब थोडा नीट मांडावा लागतो. मोबाइलवर गूगल शीट्स किंवा संगणकावर एक्सेल असेल तर चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

पायरी १: उद्दिष्ट आजच्या रुपयांत ठरवा

सुरुवात कोटीच्या आकड्यापासून करू नका, महिन्याच्या खर्चापासून करा. उदाहरणासाठी नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला २५ वर्षांचा मुलगा घेऊ. हातात येणारा पगार ३५,००० रुपये. निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांना महिन्याला किती लागेल, हे त्याने आजच्या भावाने लिहायचं. किराणा, वीज, गॅस, औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता, वर्षातून एखादी गावची फेरी, लग्नकार्यातला आहेर. तोपर्यंत घर स्वतःचं असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि मुलं कमावती असतील असं धरलं तर २०,००० रुपये हा फार सैल नाही आणि फार आवळलेलाही नाही असा आकडा आहे. तुमचा आकडा वेगळा येईल. भाड्याच्या घरात राहणार असाल तर भाडं त्यात धरायलाच हवं.

आता हे २०,००० साठाव्या वर्षाच्या भावाने मांडायचे. ६ टक्के महागाईने ३५ वर्षांत किमती ७.६९ पट होतात, म्हणजे महिन्याला सुमारे १,५३,७०० रुपये. आकडा पाहून दचकायला होतं, पण किराणा तोच आहे, फक्त भाव बदललेत.

एवढा खर्च पुढे वर्षानुवर्षं चालवायला गाठीशी किती हवं? ढोबळ नियम वर्षाच्या खर्चाच्या २५ पटीचा. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून हे दाखवलं होतं: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, तर पैसे ३० वर्षं पुरतात. तो हिशोब अमेरिकेचा आहे. आपल्याकडची महागाई पाहता बरेच जण ३० पट धरतात आणि मला ते वावगं वाटत नाही. इथे मात्र २५ पटच ठेवू, कारण आपल्याला लवकर आणि उशिरा यांची तुलना करायची आहे. उद्दिष्ट मोठं केलं की दोन्ही हप्ते सारख्याच प्रमाणात वाढतात, त्यांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही.

२०,००० गुणिले १२ गुणिले २५, म्हणजे आजचे ६० लाख. साठाव्या वर्षाच्या भावाने सुमारे ४ कोटी ६१ लाख.

पायरी २: शीट तयार करा

कोऱ्या शीटमध्ये B रकान्यात हे भरा. डावीकडच्या A रकान्यात नावं मराठीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी उघडल्यावर कुठला आकडा कशाचा हे आठवत नाही.

```
B1: 20000
B2: 6%
B3: 10%
B4: 35
B5: 35
B6: =B1*12*25*(1+B2)^B4
B7: =PMT(B3/12,B5*12,0,-B6)
B8: =EFFECT(B3,12)
B9: =B6*(B8-B2)/(((1+B8)^B5-(1+B2)^B5)*B8/(B3/12))
```

B1 म्हणजे आजच्या भावाने महिन्याचा खर्च, B2 महागाई, B3 परतावा. B4 म्हणजे आजपासून निवृत्तीपर्यंतची वर्षं आणि B5 म्हणजे प्रत्यक्ष किती वर्षं पैसे भरणार ती वर्षं. B6 मध्ये उद्दिष्ट येतं, B7 मध्ये शेवटपर्यंत न बदलणारा हप्ता. B8 आणि B9 कडे पायरी ५ मध्ये येऊ.

B4 आणि B5 वेगळे का ठेवलेत? बहुतेकांची चूक इथेच होते. एसआयपीच्या तयार कॅल्क्युलेटरमध्ये वर्षांचा एकच रकाना असतो. ३५ च्या जागी २५ टाकलं की महागाईची वर्षंही २५ होतात, उद्दिष्ट ४ कोटी ६१ लाखांवरून २ कोटी ५८ लाखांवर घसरतं आणि हप्ता १९,४०८ दिसतो. म्हणजे दहा वर्षांच्या उशिराने हप्ता जेमतेम १.६ पट झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तो मुलगा दहा वर्षांनी ३५ वर्षांचा होईल तेव्हा २०,००० चा खर्च ३५,८०० वर गेलेला असेल. साठावं वर्ष तेच, म्हणून रक्कमही तीच हवी. उशिराचा हिशोब करताना B4 मध्ये ३५ तसेच राहू द्या आणि फक्त B5 मध्ये २५ टाका.

वेगवेगळ्या ठिकाणचे कॅल्क्युलेटर शे-दोनशे रुपयांनी वेगळे आकडे दाखवतील. कुणी हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरतं, कुणी शेवटी. कुणी वर्षाच्या दराला सरळ १२ ने भागतं, कुणी नाही. आपण हप्ता महिनाअखेरीस धरलाय आणि दराला १२ ने भागलंय. दोन्ही बाजूंना एकच पद्धत असली म्हणजे झालं.

पायरी ३: तोच हप्ता शेवटपर्यंत, दोन सुरुवाती

B5 मध्ये ३५ असताना B7 मध्ये १२,१४७ रुपये येतात. तिथे २५ टाकलं की ३४,७५७. सुरुवातीच्या वाक्यातलंच प्रमाण, २.८६ पट. लवकर सुरू करणारा एकूण ५१ लाख भरतो, उशिरा सुरू करणारा १ कोटी ४ लाख, आणि साठाव्या वर्षी दोघांकडे सारखीच रक्कम असते.

असं का होतं हे समजून घ्यायला B3 मध्ये क्षणभर ०.०१% टाकून बघा, म्हणजे परतावा जवळपास शून्य. आता दोन हप्त्यांचं प्रमाण फक्त १.४ पट उरतं, कारण ४२० महिन्यांचं काम ३०० महिन्यांत करायचंय, बाकी काही नाही. १.४ पासून २.८६ पर्यंतची सगळी वाढ चक्रवाढीची आहे.

आणि ही चक्रवाढ नेमकी कुठली दहा वर्षं गिळते, याबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. पहिली दहा वर्षं वाया गेली असं सगळे म्हणतात. पहिल्या दहा वर्षांत तर व्याज फारसं नसतंच! १२,१४७ चा हप्ता भरणाऱ्या मुलाकडे २५ वर्षांनी, म्हणजे पन्नाशीत, सुमारे १ कोटी ६१ लाख असतात. पुढच्या दहा वर्षांत त्यात ३ कोटींची भर पडते आणि त्यातले त्याने स्वतः भरलेले असतात साडेचौदा लाखांच्या आसपास. उशिरा सुरू करणाऱ्याच्या हातून निसटतात ती ही शेवटची दहा वर्षं. त्याची पंचविसावी पायरी साठाव्या वर्षीच येते, त्यापुढच्या पायऱ्या चढायला वय उरत नाही. म्हणूनच तिशीत ‘अजून काही बिघडलेलं नाही’ असं वाटत राहतं. बिघडतं ते दिसायला पन्नाशी उलटावी लागते.

याचीच दुसरी बाजू अशी. एकाने २५ ते ३५ महिन्याला १०,००० भरले आणि मग एक पैसाही न भरता रक्कम तशीच ठेवली. दुसऱ्याने ३५ ते ६० असे २५ वर्षं १०,००० भरले. पहिल्याने १२ लाख घातले, दुसऱ्याने ३० लाख. १० टक्क्यांनी साठाव्या वर्षी पहिल्याकडे सुमारे २ कोटी ४७ लाख असतात आणि दुसऱ्याकडे १ कोटी ३३ लाख. ही तुलना बऱ्याच ठिकाणी मोठ्या कौतुकाने दिली जाते, पण ती दरावर उभी आहे हे सांगितलं जात नाही. परतावा ६ टक्के धरला की दोघे जवळपास बरोबरीत येतात, ५ टक्क्यांवर दुसरा पुढे जातो. त्यामुळे पुढची पायरी सोडू नका.

पायरी ४: परताव्याचा दर बदलून पाहा

१० टक्के हे काही वचन नाही. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, ईपीएफला २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के मिळाले. शेअर बाजारातल्या फंडांकडून लांबच्या मुदतीत यापेक्षा जास्त अपेक्षा धरतात, पण तिथे हमी नसते आणि मध्येच दोन-चार वर्षं काहीच हाती लागत नाही असंही होतं. पीएफ आणि निर्देशांक फंड असं मिश्रण असेल तर १० टक्के हा आशावादी बाजूचा, पण अगदीच हवेतला नाही, असा अंदाज म्हणता येईल. आपल्या ४ कोटी ६१ लाखांसाठी B3 बदलून हे आकडे येतात:

| परतावा | २५व्या वर्षी सुरुवात | ३५व्या वर्षी सुरुवात | किती पट |
|---|---|---|---|
| ६% | ३२,३६९ | ६६,५४७ | २.०६ |
| ८% | २०,१०४ | ४८,४९१ | २.४१ |
| १०% | १२,१४७ | ३४,७५७ | २.८६ |
| १२% | ७,१७१ | २४,५४५ | ३.४२ |

तक्ता दोन दिशांनी वाचा. खाली येताना हप्ता कमी होतो आणि ‘किती पट’ वाढत जातं. १२ किंवा १५ टक्के धरून केलेल्या जाहिरातीत उशिराची किंमत भयंकर दिसते ती यामुळे, आणि हप्ता गोड दिसतो तोही यामुळेच. त्या भरवशावर ७,१७१ रुपयांवर थांबलात आणि प्रत्यक्षात ८ टक्केच मिळाले, तर साठाव्या वर्षी ४ कोटी ६१ लाखांऐवजी १ कोटी ६५ लाखांच्या आसपासच हाती येतील.

आता तिरकं बघा. २५व्या वर्षी सुरू करून ६ टक्के मिळवणाऱ्याला ३२,३६९ लागतात, आणि ३५व्या वर्षी सुरू करून १० टक्के मिळवणाऱ्याला ३४,७५७. म्हणजे लवकर सुरुवात केली, पण पैसे कर कापून ६ टक्क्यांच्या आसपास देणाऱ्या मुदत ठेवीत ३५ वर्षं ठेवले, तर लवकरच्या सुरुवातीचा जवळजवळ सगळा फायदा गेला. नोकरी लागली की ओळखीतल्या एजंटकडून पहिली पॉलिसी घेण्याची आपल्याकडे रीत आहे. घेण्याआधी शेवटी मिळणारी रक्कम आणि भरायचे हप्ते RATE सूत्रात टाकून तिचा खरा दर काढून बघा. वर्षाला ५०,००० असे २० वर्षं भरून शेवटी १८ लाख मिळणार असतील तर सूत्र असं:

```
=RATE(20,-50000,0,1800000,1)
```

उत्तर ५.३ टक्क्यांच्या आसपास येतं. १० लाखांचे १८ लाख झाले म्हटलं की भारी वाटतं. दर पाहिला की महागाईशी बरोबरीसुद्धा होत नाही हे कळतं. विमा हवाच, पण मुदत विमा वेगळा घ्यावा आणि बचत वेगळी करावी, हे माझं मत.

या सगळ्या आकड्यांत कर धरलेला नाही. शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर जुलै २०२४ पासून वर्षाला १.२५ लाखांपुढे १२.५ टक्के कर आहे. पुढच्या ३५ वर्षांत हे नियम किती वेळा बदलतील कोण जाणे, म्हणून मी दर अर्धा-एक टक्का कमी धरून हिशोब करतो आणि पुढे जातो.

पायरी ५: हप्ता पगाराच्या मापाने मोजा

३५,००० पगारातून पहिल्याच महिन्यापासून १२,१४७ बाजूला काढणं अवघड आहे. घरी पैसे पाठवायचे असतात, दुचाकीचा हप्ता असतो. आणि खरं तर गरजही नाही, कारण तोच हप्ता ३५ वर्षं ठेवला तर तो सुरुवातीला जीव काढतो आणि शेवटी किरकोळ होतो. त्यापेक्षा हप्ता दरवर्षी महागाईइतका, म्हणजे ६ टक्क्यांनी वाढवत न्यायचा. एसआयपी घेताना दरवर्षी आपोआप वाढ करण्याचा पर्याय असतो, ‘स्टेप-अप’ किंवा ‘टॉप-अप’ नावाने. तो निवडून ठेवला की विसरायचा प्रश्न राहत नाही.

या पद्धतीचा पहिल्या वर्षाचा हप्ता B9 मध्ये येतो. त्यासाठी लागणारा, महिन्याच्या चक्रवाढीने वर्षाला प्रत्यक्ष पडणारा दर B8 मध्ये काढलाय. २५व्या वर्षी सुरू केलं तर ६,५७७ रुपये, पुढच्या वर्षी ६,९७२, असं. पगाराच्या १९ टक्के. हे जमण्यासारखं आहे.

तेच ३५व्या वर्षी सुरू केलं तर पहिल्याच वर्षाचा हप्ता २१,१३३ येतो. वरवर पाहिलं तर ३.२ पट. पण हे २१,१३३ रुपये दहा वर्षांनंतरचे आहेत. महागाई काढून टाकली की त्यांची किंमत आजचे ११,८०० रुपये. ६,५७७ शी त्याची तुलना केली की प्रमाण येतं १.८ पट.

मला विचाराल तर दहा वर्षांच्या उशिराची खरी किंमत हीच. २.८६ पट नाही, साडेतीन पट तर नाहीच. तरीही ती कमी नाही. पगार फक्त महागाईइतका वाढत गेला तर त्या मुलाचा ३५व्या वर्षीचा पगार ६२,७०० होईल आणि त्यातले ३४ टक्के बाजूला काढावे लागतील. पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला, तर तो ७५,५०० च्या पुढे जाईल आणि २८ टक्के काढावे लागतील. पगारवाढ चांगली असली की उशिराची शिक्षा सौम्य होते, हेही त्यातून दिसतं. म्हणून ज्याचा सुरुवातीचा पगार अगदी तुटपुंजा आहे पण पुढे भराभर वाढणार आहे, त्याने पहिली दोन-तीन वर्षं आधी कर्ज फेडलं, आपत्कालीन रक्कम जमवली किंवा एखादं कौशल्य शिकायला पैसे घातले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. महिन्याला ३ टक्के व्याजाने क्रेडिट कार्डाची थकबाकी चालू असताना एसआयपी सुरू करण्यात तर काहीच अर्थ नाही.

अडचण अशी की २५व्या वर्षीचे १९ टक्के आणि ३५व्या वर्षीचे ३४ टक्के ही दोन वेगळ्या माणसांच्या खिशातली टक्केवारी आहे. पस्तिशीत घराचा हप्ता असतो, शाळेची फी असते, आईवडिलांचं दवाखान्याचं सुरू झालेलं असतं. ‘पगार वाढला की सुरू करू’ म्हणणाऱ्यांचा पगार वाढतो खरा, पण त्याच्यावर हक्क सांगणारेही वाढलेले असतात.

पीएफमधले पैसे आधी मोजा

६,५७७ हा आकडा सगळा नव्याने भरायचा आहे असं समजू नका. पगारातून पीएफ कापला जात असेल तर तीही निवृत्तीचीच बचत आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर तुमचे १२ टक्के, म्हणजे १,८०० जातात. कंपनीचेही १,८०० असतात, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत वळतात आणि पीएफमध्ये ५५० येतात. म्हणजे महिन्याला २,३५० पीएफमध्ये जमा होत असतात. पासबुकात हे तीन रकाने वेगळे दिसतात, एकदा उघडून बघाच. पीएफचा दर १० टक्के नाही हे लक्षात घेऊन थोडं जास्त धरलं तरी नव्याने काढायची रक्कम साडेचार हजारांच्या आसपास येते.

पण इथेच एक वेगळ्या प्रकारचा उशीर होतो, आणि तो हिशोबात कुणी धरत नाही. नोकरी बदलली की जुन्या कंपनीचा पीएफ काढून घ्यायचा, ही सवय. महिन्याला २,३५० प्रमाणे दहा वर्षांत, ८.२५ टक्क्यांनी, सुमारे ४ लाख २९ हजार जमतात. ते काढून गाडीचं डाउन पेमेंट केलं तर ते पैसे गेले एवढंच वाटतं. तीच रक्कम पुढची २५ वर्षं त्याच दराने राहिली असती तर साठाव्या वर्षी सुमारे ३१ लाख झाली असती. म्हणजे २५व्या वर्षी सुरुवात करूनही माणूस पस्तिशीत पुन्हा शून्यावर येतो आणि वरच्या तक्त्यातल्या ‘३५व्या वर्षी सुरुवात’ या रकान्यात जाऊन बसतो. नवीन नोकरीत रुजू होताना जुनाच यूएएन द्या आणि जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वर्ग झाली का, हे पासबुकात पाहून खात्री करा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर वर्ग करताना काम अडकतं, म्हणून ती दुरुस्ती जुनी कंपनी सोडण्याआधीच करून घ्या. सोडल्यावर तिथल्या एचआरची सही लागलीच तर त्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतील याचा नेम नाही.

तुम्ही आधीच पस्तिशीत असाल तर

आता शीटमध्ये तुमचे आजचे आकडे टाका. B1 मध्ये आजचा खर्च, B4 आणि B5 दोन्हीकडे निवृत्तीपर्यंत उरलेली वर्षं. पीएफमध्ये, पीपीएफमध्ये आधीचं काही असेल तर ते साठाव्या वर्षापर्यंत वाढवून B6 मधून वजा करा. नाशिकच्या उदाहरणात काहीच शिल्लक नाही आणि २१,१३३ झेपत नाहीत असं धरू. मग दोन मार्ग राहतात.

पहिला, तीन वर्षं जास्त काम करायचं. ६३ व्या वर्षापर्यंत महागाईने उद्दिष्टही वाढतं, ४ कोटी ६१ लाखांचे ५ कोटी ४९ लाख होतात, तरीसुद्धा पहिला हप्ता १७,५४० वर येतो. जवळपास साडेतीन हजारांची सूट, आणि पुंजीवर अवलंबून राहायची वर्षंही तीनने कमी. मात्र हे सरकारी नोकरीत किंवा जिथे निवृत्तीचं वय ठरलेलं आहे तिथे चालत नाही, आणि मशीनवर उभं राहून करायच्या कामात शरीर साथ देईल का हा प्रश्न आहेच.

दुसरा, हप्ता ६ ऐवजी १० टक्क्यांनी वाढवत न्यायचा. B9 च्या सूत्रात B2 च्या दोन्ही जागी 10% लिहिलं की दिसतं, तसं केलं तर ३५व्या वर्षी १४,१५० पासून सुरुवात करता येते. ऐकायला सोपं, पण याची दुसरी बाजू बघायला शीटमध्ये हप्ता दरवर्षी १.१ ने गुणत शेवटच्या वर्षापर्यंत ओढून बघा. निवृत्तीआधीच्या वर्षी महिन्याचा हप्ता १,३९,००० च्या पुढे गेलेला असतो. ६ टक्क्यांच्या वाढीत तो ८५,६०० असतो. पन्नाशीनंतर पगारवाढ थंडावते, नोकरीही डळमळू शकते. म्हणून पहिली दहा-बारा वर्षं, घराचं कर्ज फिटेपर्यंत, १० टक्के वाढवा आणि पुढे काय जमतं ते तेव्हा पाहा, हे जास्त व्यवहार्य आहे.

परताव्याचा दर वाढवून हप्ता कमी करायचा मोह होईल. B3 मध्ये १४ टाकलं की सगळं सुरळीत दिसतं. पण त्याने शीट बदलते, बाजार नाही.

शेवटी एक बारीक हिशोब, कारण दहा वर्षांचा उशीर कुणी एकदम ठरवून करत नाही. तो एकेका वर्षाने होतो: यंदा बहिणीचं लग्न, पुढच्या वर्षी बघू. न बदलणाऱ्या हप्त्याच्या भाषेत २५ ऐवजी २६ व्या वर्षी सुरू केलं तर १२,१४७ चे १३,४६३ होतात, म्हणजे महिन्याला १,३१६ जास्त. ३४ ऐवजी ३५व्या वर्षी सुरू केलं तर ३१,१९५ चे ३४,७५७, म्हणजे ३,५६२ जास्त. B5 मध्ये एकेक वर्ष कमी करत गेलात तर तुमच्या वयाला पुढचं वर्ष किती रुपयांचं पडतंय ते दिसेल. पूर्ण हप्ता आज झेपत नसेल तर निम्म्याने सुरू करा आणि पुढच्या एप्रिलमध्ये, पगारवाढीचं पत्र हातात आल्यावर, हीच शीट उघडून B1 मध्ये नवा खर्च आणि B4, B5 मध्ये उरलेली वर्षं भरा.